लाइन गेली, म्हणजे नक्की काय गेलं?

आमच्या वऱ्हाडात ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली. माझी ताई अकोल्याला गोरक्षण रोडच्या बाजूला राहते आणि दुपारी दोन ते चार या वेळात दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मे महिन्यात तिचं फायबरचं नेट रोज दुपारी तुटायला लागलं. तिनं कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला आणि आपल्या बोलीत सांगितलं, “दुपारून लाइन चालली जाते हो, दोन-चार मिनिटांनं येते वापस.” पलीकडच्या मुलानं ते ऐकलं, समजलं तसं लिहिलं आणि संध्याकाळी ताईच्या मोबाइलवर मेसेज आला: ग्राहकाकडे वीजपुरवठा नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “नेट स्लो आहे.” तेव्हा त्यांनी रात्री नऊला फोन करून स्पीड टेस्ट करायला लावली, शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर ब्याण्णव आले, तक्रार बंद. तिसऱ्या वेळी माणूस आला, पण सकाळी दहाला. नेट ठणठणीत चालू होतं. चौथ्या वेळी राउटर बदलून गेले. मग तिनं मला अमरावतीला फोन केला. “भाऊ, मी तं सांगून सांगून थकली. आता तूच सांग त्याईले.”

मी अमरावतीत पंधरा-सोळा वर्षं कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येकाची कस्टमर केअरशी चाललेली भांडणं शेवटी माझ्याकडे येतात. तिला म्हटलं, मी नाही सांगणार, तूच सांगशील. पण आधी दोन दिवस कागदावर काही गोष्टी टिपायच्या. त्या कोणत्या आणि फोनवर त्या कशा सांगायच्या, तेच इथे लिहितो आहे.

आधी पलीकडचा माणूस काय पाहतो, ते समजून घेतलं पाहिजे. त्याच्यासमोर एक फॉर्म असतो. त्यात तक्रारीचे ठरावीक प्रकार असतात: नेट पूर्ण बंद, स्पीड कमी, वारंवार तुटणे, बिलाची तक्रार वगैरे. तुमचं पहिलं वाक्य ऐकून तो त्यातला एक निवडतो आणि पुढचं सगळं त्या निवडीवर चालतं. ‘स्पीड कमी’ निवडलं की फोनवरच स्पीड टेस्ट घेऊन प्रकरण मिटतं. ‘वारंवार तुटणे’ निवडलं की लाइनवर माणूस पाठवायची शक्यता वाढते. ताईची दुसरी तक्रार तिथेच फसली. तिचं नेट स्लो नव्हतंच, तुटत होतं. म्हणून ‘नेट नीट चालत नाही’, ‘त्रास देतंय’, ‘स्लो आहे’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बंद आहे, तुटतंय की मंद आहे, या तिन्हींपैकी एकच शब्द ठरवून घ्यायचा. आणि वऱ्हाडकरांनी ‘लाइन’ हा शब्द तर टाळायचाच.

फोन लावायच्या आधी आणखी एक चौकशी करून ठेवावी: हे आपल्या एकट्याचं आहे की गल्लीचं? त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजारच्या दोन घरी विचारावं. तिघांचंही बंद असेल तर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असणार किंवा नाक्यावरच्या पेटीत काही बिघडलं असणार. तुमच्या राउटरचा त्यात काही दोष नाही. फोनवर तेवढंच सांगायचं: “आमच्या गल्लीतली तीन कनेक्शनं एकाच वेळी बंद पडली आहेत.” आणि सगळ्याच कंपन्यांचं एकदम बंद असेल तर फोन करण्यात अर्थ नसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत प्रशासनाच्या आदेशानं इंटरनेट बंद ठेवलं होतं. त्या दिवसांत माझ्या ओळखीतल्या एका काकांनी राउटर इतक्या वेळा बंद-चालू केला की शेवटी त्याचं बटणच निकामी झालं.

ताईच्या बाबतीत शेजाऱ्यांचं नेट दुपारी व्यवस्थित चालू असायचं. म्हणजे बिघाड तिच्या घरात होता किंवा तिच्या घरापर्यंत येणाऱ्या शेवटच्या तारेत.

आता तपासणी. फायबरच्या डब्याला आपण राउटर म्हणतो, कंपनीची माणसं त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर `PON` आणि `LOS` असे दोन दिवे असतात. `PON` स्थिर हिरवा असेल तर कंपनीच्या यंत्राशी बोलणं चालू आहे. `LOS` लाल लुकलुकत असेल तर तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतो. हा दिवा विजेचा नाही आणि वायफायचाही नाही. नेट तुटल्याच्या क्षणी आपण सहसा मोबाइलकडे बघतो. बघायचं या दिव्याकडे. ताईला मी सांगितलं की क्लास तुटला की मुलांना ‘थांबा’ म्हणायच्या आधी मान वळवून डब्याकडे बघ आणि घड्याळ बघ. पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं: १.४० ला लाल, २.१५ ला लाल, ३.०५ ला लाल, दर वेळी मिनिटभर. या तीन ओळी मागच्या चारही तक्रारींपेक्षा जास्त सांगणाऱ्या होत्या.

याहून मोलाचा आकडा डब्याच्या पोटात असतो. लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकलं की बहुतेक डब्यांचं पान उघडतं. पत्ता वेगळा असला तर तो आणि पासवर्ड डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडतो. आत `Status` किंवा `PON` किंवा `Optical` अशा नावाच्या पानावर `Rx Power` म्हणून एक उणे आकडा असतो, त्यापुढे `dBm`. तारेतून तुमच्यापर्यंत किती प्रकाश पोचतो, त्याचं हे माप.

हा आकडा वाचायला थोडी सवय लागते. उणे असल्यानं −२० हा −२५ पेक्षा चांगला. शिवाय हे माप साध्या बेरजेचं नाही. तीननं खाली गेला की प्रकाश निम्मा झाला आणि दहानं खाली गेला की दहावा हिस्सा उरला. घरोघरी बसवलेल्या नेहमीच्या जीपॉन डब्यांची मर्यादा −२७ च्या आसपास असते. त्याच्या खाली डब्याला काही ‘ऐकू’ येत नाही आणि `LOS` चा दिवा लागतो. −१५ ते −२३ च्या दरम्यान असलं तर निवांत राहावं. −२५ च्या खाली गेलं तर आज चालतंय, उद्याची खात्री नाही, असं समजावं. दुसऱ्या टोकालाही मर्यादा असते, प्रकाश −८ पेक्षा जास्त झाला तरी डबा गोंधळतो, पण घरगुती जोडणीत तसं सहसा होत नाही.

ताईनं हा आकडा दिवसातून तीन वेळा टिपला. सकाळी सातला −२४.१. दुपारी दोनला −२७.३. रात्री नऊला −२५.०. कागद बघितल्याबरोबर मला अर्ध्याहून जास्त उत्तर मिळालं. सकाळ ते दुपार या वेळात तीनपेक्षा जास्त घट, म्हणजे दुपारी अर्ध्याहून कमी प्रकाश येत होता. आणि हे नेमकं अकोल्याच्या मेमध्ये, जिथे दुपारी पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कुठला तरी सांधा उन्हात होता.

एक शंका मात्र आधी दूर करायची होती. उन्हाळ्यात डबाही तापतो, आणि तापून बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोन्हींत नेट तुटतं, मग ओळखायचं कसं? डब्याच्याच पानावर `Uptime` लिहिलेलं असतं, म्हणजे डबा किती वेळ न थांबता चालू आहे. तापून बंद पडला असता किंवा अॅडॉप्टर खराब असता, तर हा काळ शून्यापासून परत मोजला गेला असता. ताईच्या पानावर नऊ दिवस दिसत होते. डबा नऊ दिवस अखंड चालू होता, आणि त्याच काळात लाल दिवा रोज लागत होता. शिवाय डबा इन्व्हर्टरवर होता. म्हणजे वीज, अॅडॉप्टर आणि डबा हे तिघेही निर्दोष ठरले, आणि हे सांगायला कुठलंही यंत्र लागलं नाही.

शेवटची तपासणी लॅपटॉपवरची. वायफायवर केलेली कुठलीही चाचणी कस्टमर केअर मान्य करत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. दोन भिंती आड बसून मोबाइलवर घेतलेली स्पीड टेस्ट भिंतींबद्दल जास्त सांगते. म्हणून लॅपटॉप लॅन केबलनं डब्याला जोडायचा, त्याचं वायफाय बंद करायचं, बाकीचे मोबाइल आणि टीव्ही थोडा वेळ काढून टाकायचे. मग विंडोजमध्ये `cmd` उघडून नेट तुटण्याच्या वेळेत हे दोन खिडक्यांत एकदमच चालवायचं:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली आज्ञा घरातल्या डब्याला शंभर हाका मारते, दुसरी बाहेरच्या जगातल्या एका पत्त्याला. पहिल्यातल्या हाका हरवल्या तर दोष घरात आहे: केबल, लॅपटॉप किंवा डबा. पहिल्या सगळ्या पोचल्या आणि दुसऱ्यातल्या हरवल्या, तर दोष डब्याच्या पलीकडे. ताईच्या चाचणीत दुपारी सव्वादोनला पहिल्यातली एकही हरवली नाही, दुसऱ्यातल्या शंभरपैकी तेवीस हरवल्या. त्या कशा हरवल्या तेही बघायला हवं. तेवीस ओळी दोन घोळक्यांत होत्या, अकरा एकत्र आणि बारा एकत्र, आणि त्याच वेळी लाल दिवा लागला होता. असा घोळका म्हणजे जोड सुटून परत जुळला. मधूनमधून एखाददुसरी ओळ गळत असती तर गर्दीचा किंवा वायफायचा संशय आला असता.

इथे एक फसगत होते. नेट तुटल्यावर कधी कधी घरातला डबाच ‘तिथे पोचता येत नाही’ असं उत्तर देतो, स्क्रीनवर `Destination net unreachable` किंवा `Destination host unreachable` असं दिसतं. विंडोज ते उत्तरही ‘मिळालं’ म्हणून मोजतं आणि खाली `Lost = 0` छापतं. म्हणून खालची बेरीज वाचून मोकळं होऊ नये, वरच्या ओळी डोळ्यांखालून घालाव्यात आणि मोबाइलनं त्यांचा फोटो काढावा. फोटोत कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं तर फारच छान.

काय करू नये, हेही इथेच सांगतो. डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रिसेट करू नये. रिस्टार्ट वेगळा आणि रिसेट वेगळा. रिस्टार्टनं डबा झोपून उठतो. रिसेटनं कंपनीनं भरलेलं युजरनेम आणि बाकीची मांडणी पुसली जाऊ शकते, आणि मग दुपारी तुटणारं नेट चोवीस तास बंद होतं. फायबरची बारीक तार काढून तिच्या टोकात डोळा लावून बघू नये. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. आणि ते टोक ओढणीनं किंवा सदऱ्यानं पुसू नये. तिथे धुळीचा एक कण बसला तरी वरचा आकडा खाली येतो.

रिस्टार्टबद्दल दोन शब्द जास्त. तो करायला हवाच, पण आकडे टिपून झाल्यावर. डबा बंद केला की `Uptime` शून्य होतो आणि बऱ्याच डब्यांतली आधीची नोंदही जाते. पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो. क्रम असा: आधी दिवे, मग `Rx Power` आणि `Uptime`, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी स्विच बंद करून दोन मिनिटं थांबणं. चालू केल्यावर `PON` स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढा धीर धरायचा.

मग ताईनं पाचवा फोन लावला. वेळ मुद्दाम दुपारी अडीचची निवडली, कारण बिघाड चालू असताना केलेल्या फोनची किंमत वेगळी असते. त्या क्षणी पलीकडच्या स्क्रीनवरही तो दिसू शकतो. भाषा विचारतात तेव्हा मराठी निवडली. समोर कागद होता, त्यावर लिहिलं होतं ते तिनं जवळजवळ वाचूनच दाखवलं:

“ग्राहक क्रमांक अमुक, रजिस्टर मोबाइल हाच. फायबर कनेक्शन आहे, वारंवार तुटण्याची तक्रार आहे. गेले अकरा दिवस रोज दुपारी एक ते चारमध्ये तीन ते पाच वेळा तुटतं, दर वेळी मिनिटभर `LOS` चा दिवा लाल होतो. सकाळी आणि रात्री तुटत नाही. वीज चालू असते, डबा इन्व्हर्टरवर आहे आणि नऊ दिवसांत एकदाही बंद झालेला नाही. `Rx Power` सकाळी उणे चोवीस पॉइंट एक, दुपारी उणे सत्तावीस पॉइंट तीन. डबा तुम्ही बदलून दिला आहे, तरी फरक नाही. शेजारची कनेक्शनं चालू आहेत. आधीच्या चार तक्रारींचे नंबर माझ्याकडे आहेत. बाहेरची तार आणि सांधे तपासायला माणूस हवा, आणि तो दुपारी दोन ते चारमध्येच हवा.”

हे सगळं बोलायला मिनिटभर लागलं. यातली वाक्यं कुठल्या क्रमानं आली ते बघा. पहिल्या दोन वाक्यांत त्याचा फॉर्म भरला. मधल्या वाक्यांनी तो जे विचारणार होता त्याची उत्तरं आधीच दिली. शेवटच्या वाक्यात मागणी आली, आणि ती ‘काहीतरी करा’ अशी नव्हती. कोण यायला हवा, काय तपासायला आणि किती वाजता, हे तिन्ही त्यात होतं. कारण काय असावं याबद्दल मात्र तिनं चकार शब्द काढला नाही. मीच सांगितलं होतं तसं. उन्हात सांधा तापतो हा माझा अंदाज; फोनवर अंदाज सांगितला की समोरचा त्याच्याशी वाद घालतो, आकड्याशी त्याला वाद घालता येत नाही.

तरीही तो म्हणालाच, “मॅडम, राउटर एकदा रिस्टार्ट करून बघा ना.” इथे माणसं भडकतात. ताईला मी आधीच बजावलं होतं की चिडायचं नाही, त्याला तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ती म्हणाली, “करते भाऊ, पण आत्ताचा आकडा आधी लिहून घ्या, उणे सत्तावीस पॉइंट एक. रिस्टार्टनंतर तो बदलला तर तेही सांगते.” रिस्टार्टनंतर उणे सत्तावीस पॉइंट दोन आला. रिस्टार्ट करून झाला, फरक पडला नाही, अशी नोंद त्याच्या हातून झाली.

मग तिनं एक प्रश्न विचारला, आणि या लेखातला एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर तो हा: “तुमच्याकडे शेवटचं डिस्कनेक्शन कशामुळे दाखवतंय? पॉवरमुळे की `LOS` मुळे?”

हे विचारता येतं कारण कंपनीच्या यंत्राला ते माहीत असतं. घरातली वीज गेली की फायबरचा डबा विझता विझता एक शेवटचा निरोप पाठवतो, ‘माझी वीज गेली’. तंत्रज्ञांच्या भाषेत त्याला `dying gasp` म्हणतात, शेवटचा श्वास. डब्याच्या आतल्या बारीक भागात क्षणभर साठून राहिलेल्या विजेवर तो एवढं बोलून घेतो. तार तुटली किंवा प्रकाश हरवला तर तो निरोप येत नाही, डबा एकदम गप्प होतो आणि नोंद `LOS` अशी पडते. म्हणजे ‘ग्राहकाकडे वीज नाही’ असं म्हणायचं असेल तर त्यांच्याच यंत्रात तशी नोंद असायला हवी. फोनवरच्या पहिल्या माणसाला ती दिसेलच असं नाही. त्याच्या वरच्या तांत्रिक विभागाला दिसते. त्यानं ताईला दोन मिनिटं होल्डवर ठेवलं, कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन सांगितलं, “मॅडम, सगळे `LOS` आहेत. पॉवरचा एकही नाही.” पहिल्या तक्रारीचा निकाल असा अकरा दिवसांनी उलटला.

फोन ठेवण्याआधी तिनं तीन गोष्टी लिहून घेतल्या: नवा तक्रार क्रमांक, माणूस येण्याची तारीख-वेळ, आणि बोलणाऱ्याचं नाव.

दुसऱ्या दिवशी तीनला पोरगा आला, खांद्यावर शिडी आणि हातात पॉवर मीटर. घरात मोजलं, उणे सत्तावीस. गच्चीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर एक छोटी प्लॅस्टिकची पेटी होती. तिच्यात खांबावरून आलेली तार आणि घरात जाणारी तार हातानं बसवायच्या कनेक्टरनं जोडलेल्या होत्या, वर काळी टेप. पेटीचं झाकण उन्हानं वाकलं होतं. तिच्या अलीकडे म्हणजे खांबाच्या बाजूला मोजल्यावर आकडा उणे वीसच्या आसपास आला. सहा-सातची सगळी गळती त्या एका सांध्यात होती. असा कनेक्टर आत दोन काचतंतू फक्त टोकाला टोक लावून धरतो. तापल्यावर प्लॅस्टिक आणि काच वेगवेगळ्या मापानं पसरतात, टोकं केसाएवढीही सरकली तरी प्रकाश सांडतो. संध्याकाळी गार झालं की टोकं बरीचशी जागेवर येतात, म्हणून सकाळी दहाला आलेल्या माणसाला काही सापडलं नव्हतं. पोरानं तो कनेक्टर कापून टाकला, स्प्लायसिंग मशीननं तार वितळवून जोडली आणि पेटी भिंतीच्या सावलीतल्या बाजूला हलवली. घरातला आकडा −२०.६ झाला.

जाताना त्यानं तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. काही कंपन्यांत तशी पद्धत असते. बिघाड ज्या वेळेला होतो ती वेळ उलटून जाईपर्यंत तो देऊ नये, असं माझं मत आहे. दुपारी तीनच्या उन्हात −२०.६ दिसत होता म्हणून ताईनं दिला. सकाळी दुरुस्ती झाली असती तर मी तिला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं असतं.

हे झालं तुटणाऱ्या नेटचं. मंद नेटची तक्रार वेगळ्या कागदावर लिहावी लागते, आणि खरं सांगायचं तर ती सिद्ध करणं जास्त अवघड. तिथे `Rx Power` बहुधा चांगलाच असतो. लॅन केबलवर, त्याच लॅपटॉपवर, त्याच टेस्टच्या साइटवर तोच सर्व्हर निवडून सकाळी सातला आणि रात्री नऊला, असं तीन दिवस मोजावं. सकाळी ९४ आणि रात्री १८ असं तीनही दिवस आलं तर सांगण्यासारखं काही आहे: “केबलवर मोजलं आहे, रात्री गर्दीच्या वेळेत वेग पाचव्या हिश्श्यावर येतो.” एकट्या रात्रीचा एकच आकडा सांगून काही होत नाही. दोनशे एमबीपीएसच्या प्लॅनवर केबलनं कायम ९४ च्या आसपासच अडकत असेल तर फोन करायच्या आधी केबल बदलून बघा. आठपैकी चारच तारा नीट लागलेल्या असल्या की जोड शंभरवर येतो आणि प्रत्यक्षात चौऱ्याण्णव मिळतात. आणि डाउनलोड होताना दिसणारे सेकंदाला बारा ‘एमबी’ म्हणजे शंभर एमबीपीएसच. एका बाइटमध्ये आठ बिट. या गोंधळातून आलेले फोन मी स्वतः आठवड्यातून एक तरी घेतो.

कधी कधी वेग पूर्ण मिळतो आणि तरी काही साइट रडतात. ६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. मुंबईला येणाऱ्या एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या त्यातल्या दोन. युरोपकडची वाहतूक लांबच्या वाटेनं फिरली आणि भारतातही तिकडच्या सेवा रेंगाळू लागल्या. अशा वेळी हे चालवून बघावं, एकदा चालणाऱ्या आणि एकदा न चालणाऱ्या पत्त्यासाठी:

```
tracert -d 8.8.8.8
```

प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक थांबा. पहिला थांबा तुमचा डबा, पुढचे एक-दोन कंपनीचे. मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले तर घाबरू नये, काही यंत्रं अशा हाकांना उत्तरच देत नाहीत. पण एका थांब्यापासून पुढच्या सगळ्या ओळींचा वेळ एकदम वीसवरून तीनशे मिलिसेकंदांवर गेला तर अडचण तिथून पुढे आहे. फोनवर सांगावं की भारतातल्या साइट नीट आहेत, अमुक परदेशी सेवा मंद आहे, अमुक थांब्यानंतर वेळ वाढतो. माणूस घरी पाठवायची मागणी इथे करू नये. तो येऊन गच्चीवर बघणार काय?

इतकं करूनही तक्रार न सोडवता बंद झाली, तर त्याच क्रमांकाचा आधार घेऊन वर जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. अपिलात ताईचा तोच कागद जोडायचा: तारखा, वेळा, दिवे, तीन आकडे, फोटो, जुने तक्रार क्रमांक. ‘फार त्रास झाला’ हे वाक्य त्यात शेवटी टाका, सुरुवातीला नको. सरकारनं २५ जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी ठेवली आहे, त्यामुळे ‘ब्रॉडबँड असून एवढं मंद’ या मुद्द्यावर फार जोर देऊ नये. तुमच्या प्लॅनमध्ये लिहिलेला वेग आणि केबलवर मोजलेला वेग समोरासमोर ठेवावेत.

ताईनं आता डब्याच्या वर भिंतीवर एक कॅलेंडर टांगलं आहे. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी दोनला ती `Rx Power` बघून त्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिते. जूनमध्ये −२०.५ होता, जुलैत −२०.६. परवा तिचा फोन आला की शेजारच्या काकूंचं नेट तुटतंय आणि त्या कस्टमर केअरला सांगताहेत, लाइन गेली म्हणून. “मी त्याईले म्हटलं, काकू, आधी लाल दिवा पाहा.”